काउंटर ऑफर घेऊन थांबताय? मग रिक्रूटरला आजच फोन करा

प्रश्न: तीन आठवड्यांपूर्वी एका कन्सल्टन्सीमार्फत आलेली ऑफर मी सही करून स्वीकारली आणि राजीनामाही दिला. आता माझ्या मॅनेजरने पगार वाढवून, शिवाय मला हवी असलेली टीम देऊन थांबायला सांगितलंय आणि मी थांबायचं ठरवलंय. नव्या ठिकाणी जॉइन व्हायला अजून महिना आहे. रिक्रूटरने माझ्यासाठी बरीच धावपळ केली होती. त्याला हे कसं सांगू, म्हणजे संबंध तुटणार नाहीत?

उत्तर:

काउंटर ऑफर लेखी हातात असेल तर आजच सांगा, मेलआधी फोन करा, आणि निर्णय झालाय हे पहिल्या मिनिटातच कळू द्या. लेखी हातात नसेल तर आधी ते मिळवा. मी सुरुवातीला कन्सल्टन्सीत होतो, पुढे कंपनीच्या बाजूने भरती पाहू लागलो, त्यामुळे असे फोन दोन्हीकडून घेतलेत. उमेदवाराने नाही म्हटलं म्हणून रिक्रूटर कायमचा दुखावला, असं फार थोड्या वेळा होतं. नाही उशिरा कळलं किंवा कारण खोटं निघालं, तर मात्र ते तो विसरत नाही.

तुमच्या माघारीने त्याचं नेमकं काय जातं, ते आधी बघू. उमेदवार शोधून देणाऱ्या बहुतेक कन्सल्टन्सींना फी मिळते ती माणूस प्रत्यक्ष जॉइन झाल्यावरच, आणि ती ठरते त्याच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या टक्केवारीवर. जॉइन झाल्यानंतरही काही आठवडे ते काही महिन्यांची हमी असते. त्या काळात माणूस सोडून गेला तर कन्सल्टन्सी दुसरा माणूस फुकट शोधून देते किंवा पैसे परत करते. म्हणजे तुम्ही सही केलीत तेव्हा त्याला पैसे मिळाले नव्हते, पण त्याच्या वरिष्ठांच्या हिशेबात ते धरले गेले होते. ते आता जातील, आणि तुम्ही कितीही गोड बोललात तरी परत येणार नाहीत.

वाचवता येण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार. जवळजवळ प्रत्येक जागेसाठी शेवटच्या फेरीत आणखी कुणीतरी असतं, जे कंपनीला आवडलेलं असतं पण थोडक्यात मागे पडलेलं असतं. तुम्ही सही केल्यावर त्या माणसाला नकार कळवला गेला. तीन आठवड्यांनी तो अजून मोकळा असू शकतो, कुठेतरी त्याच्या मुलाखती चालू असतील. आणखी दोन आठवड्यांनी त्याच्याही हातात दुसरं ऑफर लेटर असेल. जॉइनिंगला महिना असताना तुम्ही कळवलंत तर रिक्रूटरला क्लायंटकडे रिकाम्या हाताने जावं लागत नाही. "हा गेला, पण तो दुसरा अजून आहे, उद्याच बोलणं लावतो," असं तो म्हणू शकतो. जॉइनिंगच्या चार दिवस आधी कळवलंत तर त्याच्याकडे सांगायला काहीच नसतं. जागा पुन्हा पहिल्यापासून उघडते, आणि ज्या मॅनेजरने तुमच्या भरवशावर कामाची आखणी केली होती त्याचा राग रिक्रूटरवर निघतो. म्हणून तुम्ही कोणत्या शब्दांत सांगता याहून कोणत्या दिवशी सांगता याला जास्त वजन आहे.

आता कागदांबद्दल. मॅनेजर तोंडी जे कबूल करतो ते एचआर आणि फायनान्सकडून मंजूर होऊन येईपर्यंत बदलू शकतं. "पगार वाढवतो" म्हणताना त्याच्या मनात पुढची वार्षिक वाढ असते आणि तुमच्या मनात पुढच्या महिन्याची स्लिप. म्हणून दोन गोष्टी लेखी घ्या. एक, नवा पगार, तो कोणत्या तारखेपासून लागू, कोणती टीम आणि रिपोर्टिंग कुणाला, हे सांगणारं पत्र किंवा मेल. दोन, तुमचा राजीनामा मागे घेतला गेला आणि कंपनीने ते मान्य केलं, अशी एचआरची पोच. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. राजीनामा सिस्टीममध्ये तसाच राहिला, शेवटचा दिवस उजाडला आणि खाती बंद झाली, तर धावपळ तुम्हालाच करावी लागते. हे दोन्ही हातात येईपर्यंत रिक्रूटरला अंतिम नकार देऊ नका, नाहीतर इकडचंही गेलं आणि तिकडचंही.

मात्र कागद यायला एका दिवसापेक्षा जास्त लागणार असेल तर तोवर गप्प बसू नका. एक छोटा मेसेज पाठवा:

"नमस्कार. माझ्या सध्याच्या कंपनीने मला थांबण्यासाठी प्रस्ताव दिला आहे आणि मी त्याचा गांभीर्याने विचार करतो आहे. तुम्हाला नंतर अचानक कळू नये म्हणून आत्ताच सांगतो आहे. उद्या संध्याकाळपर्यंत पक्कं उत्तर देतो."

या मेसेजनंतर त्याचा फोन नक्की येईल आणि तो तुमचं मन वळवायचा प्रयत्न करेल. ते त्याचं कामच आहे. तरीही मेसेज पाठवाच, कारण तो वाचला की तो लगेच त्या दुसऱ्या उमेदवाराची विचारपूस सुरू करतो. आणि दिलेली वेळ पाळा. "उद्या"चं "परवा" झालं की या मेसेजचा उपयोग संपतो.

फोन करण्याआधी नव्या कंपनीचं सही केलेलं पत्रही पुन्हा वाचा. जॉइन होण्याआधी माघार घेतल्यास काय, याचं कलम आहे का ते बघा. जॉइनिंग बोनस, स्थलांतराचा खर्च किंवा नोटीस पिरियड विकत घेण्याची रक्कम आगाऊ मिळाली असेल तर ती परत करावी लागेल. लॅपटॉप आधीच घरी आला असेल तर तोही. नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे कलम बोचरं वाटलं तर तिथल्या कामगार कायद्याच्या जाणकाराला दाखवून घ्या. कन्सल्टन्सीच्या फीबद्दल मात्र घाबरू नका. ती फी क्लायंट देतो. तुम्ही कन्सल्टन्सीशी स्वतंत्र करार केला नसेल तर ती तुमच्याकडे मागायला त्यांना आधार नसतो. कुणी तसं म्हणालंच तर "कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवा" एवढं शांतपणे सांगा.

आता फोन. तो साधारण असा व्हावा:

"दोन मिनिटं बोलता येईल का? बातमी तुमच्या दृष्टीने चांगली नाही, म्हणून मेल करण्याआधी स्वतः सांगतो आहे. मी नव्या कंपनीत जॉइन होत नाही. माझ्या कंपनीने मला प्लॅटफॉर्म टीममध्ये घेतलंय आणि पगारही सुधारलाय. ते लेखी आलंय, मी स्वीकारलंय, राजीनामाही मागे घेतलाय. तुम्ही सुरुवातीलाच विचारलं होतंत की काउंटर ऑफर आली तर काय करशील, आणि मी म्हणालो होतो की घेणार नाही. तेव्हा मला तसंच वाटत होतं, पण ही टीम मिळेल असं तेव्हा दिसत नव्हतं. यामुळे तुम्हाला क्लायंटपुढे अडचण होणार, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. अजून महिना आहे, म्हणून आजच सांगितलं."

एवढं बोलून थांबा. पुढची शांतता भरून काढायला जाऊ नका.

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे ते काउंटर ऑफरच्या जुन्या प्रश्नाबद्दलचं. थोडासा अनुभव असलेला कुठलाही रिक्रूटर पहिल्या-दुसऱ्या फोनवरच ते विचारून ठेवतो, आणि तुमच्या नावापुढे उत्तर लिहूनही ठेवतो. तुम्ही राजीनामा दिलात त्या दिवशी बहुधा पुन्हा विचारलं असेल. आता तो प्रश्न झालाच नव्हता असं दाखवलंत तर तुम्ही पहिल्यापासून ही ऑफर पगार वाढवून घेण्यासाठी वापरत होतात, असा अर्थ तो काढणार. तेव्हाचं उत्तर तुम्ही स्वतःच आठवलंत आणि मधे काय बदललं ते सांगितलंत, तर तो नाराज होईल, पण फसवला गेलो असं त्याला वाटणार नाही.

कारण किती सांगायचं, हेही नीट ठरवून घ्या. फोन ठेवल्यावर तासाभरात त्याला क्लायंटला फोन करायचा असतो आणि तिथला पहिला प्रश्न असतो, "का?" तुम्ही त्याला नुसतं "वैयक्तिक कारण" दिलंत तर क्लायंटला वाटतं रिक्रूटर काहीतरी लपवतोय किंवा त्याला आपला उमेदवारच माहीत नव्हता. नुसतं "पगार" दिलंत तर क्लायंट म्हणतो, आम्ही वाढवतो, आणि तुम्ही मिटवलेला विषय पुन्हा उघडतो. तुमच्या बाबतीत टीम हे खरं कारण आहे आणि नवी कंपनी त्याला तोड देऊ शकत नाही, म्हणून तेच पुढे ठेवा. ज्याचं कारण खरोखर फक्त पगार असेल त्याने पगारच सांगावा, उगाच टीमचा मुलामा देऊ नये. आणि घरातलं आजारपण, गाव सोडता येत नाही, अशा सबबी अजिबात नकोत. एकाच क्षेत्रातली माणसं एकमेकांना ओळखतात. चार महिन्यांनी तुमच्या लिंक्डइनवर त्याच कंपनीतलं नवं पद दिसतं आणि आजारपणाची गोष्ट तिथेच उघडी पडते.

तुम्ही बोलून झालात की तो तीन गोष्टींपैकी एखादी तरी म्हणेल, बहुतेक वेळा तिन्ही.

पहिली: "त्यांनी नेमके किती दिले?" आकडा सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. "नव्या ऑफरच्या जवळपास आलेत, पण माझा निर्णय टीमवर झालाय" एवढं पुरतं. आकडा सांगितलात तर तो क्लायंटपर्यंत जातो, आणि तुमच्या कंपनीचा अंतर्गत पगार बाहेर गेलेला तुमच्या मॅनेजरलाही आवडणार नाही.

दुसरी: "थांबा, मी क्लायंटशी बोलून वाढवून आणतो." संबंध खरे बिघडतात ते इथे. भिडेखातर माणूस म्हणतो, "बघा प्रयत्न करून." रिक्रूटर क्लायंटकडे जातो, मॅनेजर आपल्या वरिष्ठांकडून खास मंजुरी काढतो, तीन दिवस जातात, आकडा वाढून येतो, आणि तुम्ही पुन्हा नाही म्हणता. आता रिक्रूटरने क्लायंटकडची स्वतःची पत तुमच्यासाठी खर्च केलेली असते आणि तुम्ही ती वाया घालवलेली असते. पहिल्या नकाराला माफी असते, या दुसऱ्याला मी फारशी कधी पाहिली नाही. त्यामुळे उत्तर स्पष्ट हवं: "कृपया त्यांना विचारू नका. आकडा वाढला तरी माझं उत्तर हेच राहील, आणि त्यात तुमची पत जाईल." हे वाक्य तोंडातून निघेना, आकडा वाढला तर जावंसं वाटतंय असं लक्षात आलं, तर तुमचा निर्णय अजून झालेला नाही. मग फोन पुढे ढकला.

तिसरी: "काउंटर ऑफर घेणारे बहुतेक लोक सहा महिन्यांत बाहेर पडतात." सोबत एखादी टक्केवारीही येईल. हे आकडे आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं तोंडातोंडी फिरतात. मूळ अभ्यास कुठला म्हणून विचारलं तर मला तरी समोरच्याकडून कधी उत्तर मिळालेलं नाही. त्यामागची काळजी मात्र पोकळ नाही. ज्या कारणाने तुम्ही बाहेर बघायला लागलात ते कारण तसंच असेल तर वाढलेला पगार ते फार दिवस झाकत नाही. यावर वाद घालू नका. "ती शक्यता मी विचारात घेतली आहे" म्हणा आणि पुढे चला. नव्या कंपनीबद्दल वाकडं बोलणंही टाळा. "तसाही तिथला मॅनेजर मला जरा..." हे वाक्य माघारीला आधार म्हणून सुचतं खरं, पण त्या कंपनीशी त्याचा धंदा आहे.

माफी एकदाच मागा. पाच वेळा मागितली की समोरच्याला तुमची समजूत काढत बसावं लागतं, आणि आत्ता त्याच्याकडे तेवढा वेळ नाही.

फोन ठेवण्याआधी एक गोष्ट विचारा: "क्लायंटच्या मॅनेजरना मी स्वतः लिहू का, की आधी तुम्ही सांगाल?" कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर पहिली बातमी रिक्रूटरकडून जाणं योग्य, क्लायंटचं नातं त्याचं आहे. त्याने हो म्हटल्यावर तुमच्या दोन ओळी मॅनेजरला गेल्या तर छानच. रिक्रूटर कंपनीचा स्वतःचा असेल तर विचारत बसायची गरज नाही. त्याला फोन झाल्यावर मॅनेजरला त्याच दिवशी स्वतः लिहा, कारण तुमच्यासाठी दोन-तीन तास मुलाखतीत घालवलेत ते त्याने.

मग मेल. ऑफर स्वीकारली होती त्याच मेलच्या उत्तरात लिहा, म्हणजे नोंद एका जागी राहते:

"नमस्कार, आज फोनवर बोलल्याप्रमाणे, मी आपली ऑफर स्वीकारल्यानंतर आता जॉइन होऊ शकत नाही, हे लेखी कळवतो आहे. माझ्या सध्याच्या कंपनीने मला वेगळ्या टीममध्ये जबाबदारी दिली आहे आणि मी तिथेच राहण्याचा निर्णय घेतला आहे. हा निर्णय अंतिम आहे. यामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. माझ्याकडून काही कागद किंवा वस्तू परत करायच्या असतील तर कळवा, या आठवड्यात पूर्ण करतो. आपण घेतलेल्या मेहनतीबद्दल आभार."

यात "अंतिम" शब्द असू द्या. तो नसला तर कुणीतरी आशा धरून बसतं.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, त्याचं माझ्या कन्सल्टन्सीच्या काळातलं एक उदाहरण देतो. एका बॅकएंड डेव्हलपरला सोमवारी संध्याकाळी त्याच्या मॅनेजरने तोंडी सांगितलं की थांब. मंगळवारी सकाळी त्याचा मला मेसेज आला, साधारण वर दिलाय तसाच. मी चिडलो होतो, पण दुपारीच दुसऱ्या उमेदवाराला सहज म्हणून फोन केला. तो एका ठिकाणी शेवटच्या फेरीत होता, सही झाली नव्हती. बुधवारी दुपारी डेव्हलपरचा फोन आला: पत्र आलंय, थांबतोय. मी क्लायंटला फोन केला तेव्हा एका वाक्यात वाईट बातमी आणि दुसऱ्या वाक्यात पर्याय सांगू शकलो. पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्या उमेदवाराला ऑफर गेली आणि त्याने ती घेतली. डेव्हलपरच्या नावापुढे मी आमच्या सिस्टीममध्ये लिहिलं: "ऑफर स्वीकारल्यानंतर काउंटर ऑफरमुळे माघार. लगेच स्वतः फोन केला, कारण स्पष्ट." पुढे तो पुन्हा नोकरी बघू लागला तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याने ती नोंद वाचून मला विचारलं, पाठवू का याचा सीव्ही? मी पाठव म्हणालो.

त्याच सुमारास आणखी एकाने नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात फोन घेणं बंद केलं. जॉइनिंगच्या दिवशी क्लायंटचा मॅनेजर विचारत होता, माणूस कुठे आहे? त्याच्या नावापुढची नोंद एका ओळीची होती आणि ती वाचून कुणी मला काही विचारलं नाही. या नोंदी रिक्रूटर बदलला तरी राहतात, म्हणून लिहून सांगतो आहे.

काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत. क्लायंट कंपनी तुमचं नाव काही काळ बाजूला ठेवेल, आणि रिक्रूटरची इच्छा असली तरी ते त्याला बदलता येत नाही. तिथे लगेच दुसऱ्या जागेसाठी अर्ज करू नका. रिक्रूटरकडून एखादा तिखट मेसेजही येईल. त्याला "तुमची नाराजी समजते" एवढंच उत्तर द्या. त्याचा महिना तुमच्यामुळे बिघडलाय, दोन दिवसांनी तो निवळतो.

मग आठवडाभर शांत राहा. नव्या पदाची आनंदाची पोस्ट त्या आठवड्यात टाकू नका. काही दिवसांनी, ती जागा अजून रिकामी असेल आणि तुमच्या ओळखीत खरंच योग्य कुणी असेल, तर आधी त्या माणसाला विचारून मग त्याचं नाव कळवा. माघारीच्याच फोनवर "माझा एक मित्र आहे" म्हणालात तर ती भरपाईची घाई वाटते, आठवड्याने आलेलं चांगलं नाव तो लगेच उघडून बघतो. पुढे तीन-चार महिन्यांनी तुमच्या टीममध्ये भरती निघाली तर त्याचा नंबर तुमच्या मॅनेजरला द्या. रिक्रूटरला याहून मोठी परतफेड नाही.

आणि काउंटर ऑफर फसली तर? टीम कागदावरच राहिली किंवा सहा महिन्यांनी पुन्हा बाहेर बघावंसं वाटलं, तर याच रिक्रूटरला पहिला फोन करायला लाजू नका. जुन्या जागेचं विचारू नका, ती भरली असेल. "थांबताना जे मिळेल म्हणालो होतो ते मिळालं नाही" असं सरळ सांगा. या वेळी काउंटर ऑफर आली तर काय कराल, याचं खरं उत्तर मात्र आधी स्वतःशी पक्कं करून ठेवा. तो प्रश्न त्याच फोनवर येणार आहे आणि या वेळी तो उत्तर जास्त लक्ष देऊन ऐकेल.